शेवटचा शब्द कापला गेला तर? व्हॉइस नोट कधी आणि कशी पाठवावी

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिला एक व्हॉइस नोट पाठवली. ती वाईजवळ गावी, मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात. थेंब घातलेस का, दुखत नाही ना, दुपारी झोपलीस का, असं चाळीसेक सेकंद बोलले आणि शेवटी म्हणाले, "आणि आई, शुक्रवार आहे म्हणून डोक्यावरून न्हायचं नाही." तेवढ्यात साहेब जिना चढताना दिसले आणि मी बटणावरचं बोट उचललं. अर्ध्या सेकंदाची घाई. आईपर्यंत पोचलं ते असं: "आणि आई, शुक्रवार आहे म्हणून डोक्यावरून न्हायचं."

आईने बंब पेटवला. शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या म्हणून बरं. त्यांनी विचारलं, "अहो, परवाच ऑपरेशन झालंय ना तुमचं? आणि न्हायला निघालात?" आई म्हणाली, लेकीनेच सांगितलंय, आणि पुरावा म्हणून नोट वाजवून दाखवली. काकूंनी ती दोनदा ऐकली आणि त्यांनाही पटलं. तरी काहीतरी चुकतंय असं वाटून त्यांनी मला फोन केला.

त्या दिवसापासून मी व्हॉइस नोटकडे जरा गंभीरपणे बघू लागले. बोट लवकर उचललं तर शेवटचा शब्द जातो, हे सगळ्याच भाषांत होत असणार. पण मराठीत तो शेवटचा शब्द फार वेळा 'नाही', 'नको' किंवा 'नये' असतो. तो गेला की वाक्य अर्धवट वाटत नाही. उलट अर्थाचं, पण चांगलं धडधाकट वाक्य उरतं. ऐकणाऱ्याला संशयही येत नाही.

तुम्ही नुकत्याच व्हॉइस नोट पाठवू लागला असाल, किंवा "तुझ्या त्या लांबलचक नोट ऐकायला वेळ नसतो" असं घरच्यांनी ऐकवलं असेल, तर आईच्या डोळ्याच्या त्या सहा आठवड्यांत मी जे शिकले ते क्रमाने सांगते. सगळं व्हॉट्सॲपच्या हिशेबाने आहे, कारण आमच्या घरात तेच चालतं.

आधी ठरवा: बोलायचं की लिहायचं

माझा पहिला प्रश्न असा असतो: हे समोरच्याला पुन्हा बघावं लागणार आहे का? औषधाची वेळ, रक्कम, पत्ता, गाडीचा नंबर, तारीख, खातं. या गोष्टी माणूस एकदा ऐकून लक्षात ठेवत नाही, गरज पडेल तेव्हा परत शोधतो. लिहिलेलं शोधता येतं. चॅटमध्ये वर भिंगात 'थेंब' टाईप केलं की तो मेसेज समोर येतो. नोटेत मी 'थेंब' दहा वेळा म्हटलं असलं तरी त्या शोधात ती नोट सापडत नाही. एका खाली एक सात नोट पडल्या की त्या सगळ्या सारख्याच दिसतात, त्याच उभ्या रेषा, फक्त सेकंद वेगळे. मग दहा वाजता कोणती बाटली, हे शोधायला माणूस सातही वाजवत बसतो. म्हणून परत बघायची गोष्ट लिहूनच.

दुसरा प्रश्न ऐकणाऱ्याच्या अवस्थेचा. तो आत्ता वाचू शकतो का, ऐकू शकतो का? आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, जुना चष्मा आता चालत नाही आणि नवा नंबर महिना-दीड महिन्याने मिळणार. तिला लिहून पाठवणं म्हणजे काकूंना वाचायला लावणं. तिच्यासाठी नोटच. दादा मस्कतला साइटवर असतो. भोवती यंत्रांचा आवाज, दिवसभर माणसं. त्याला नोट पाठवली की रात्री खोलीवर गेल्यावरच ऐकतो. लिहिलेलं मात्र पाण्याची बाटली उघडता उघडता वाचतो. बातमी एकच, पण आईला बोलून आणि दादाला लिहून. आपल्याला काय सोपं जातं याने हे ठरत नाही. बोलणाऱ्याला नोट नेहमीच सोपी असते, म्हणून तर ती इतकी बोकाळली आहे.

तिसरा प्रश्न: यात 'काय'पेक्षा 'कसं' जास्त आहे का? थेंब डोळ्यात कसा घालायचा, कुकरची शिट्टी बसत नसेल तर रिंग कशी फिरवून बघायची, हे लिहायला घेतलं तर चार परिच्छेद होतात. बोलून अर्ध्या मिनिटात होतं, कारण कुठे हळू, कुठे जपून, ते आवाजातच येतं. मायेच्या गोष्टींचंही तसंच. 'बरं' हा शब्द लिहिला की तुटक वाटतो. तोच बोलताना किती लांबवला त्यावरून आई ओळखते, मी रागावले आहे की नुसती घाईत आहे.

आणखी एक कारण आपल्याकडचं आहे. बरेच जण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. पहिल्या रात्री मावशी आईच्या सोबतीला होती. मी तिला विचारलं, "kal ali hoti ka". मला विचारायचं होतं, डोळ्यात कळ आली होती का. मावशीचं उत्तर आलं, "हो आली होती, पण उशिरा आली. भांडी घासून गेली." तिने 'काल आली होती का' असं वाचलं, आणि काल येणारी म्हणजे भांडीवाली. देवनागरीत लिहिलं असतं तर हे झालं नसतं. ज्याला देवनागरी टाईप करणं जमत नाही किंवा कंटाळा आहे, त्याने अशा वेळी दहा सेकंदांची नोट पाठवावी. पाच मेसेजचा घोळ वाचतो.

तातडीचं असेल तर यातलं काहीच नको, फोन करा. नोट कधी ऐकली जाईल याची खात्री नसते. मी बंबाच्या प्रकरणात फोनच करायला हवा होता.

रेकॉर्ड करताना

व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आले ते २०१३ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा माइक दाबून धरायचा, बोलायचं आणि बोट उचललं की नोट गेली, एवढंच होतं. कित्येक जण अजून तसंच करतात. मीही जिन्यात तेच केलं. पण आता तशी गरज उरलेली नाही.

माइक दाबून बोट वर सरकवा. कुलपाचं चित्र दिसतं तिथपर्यंत गेलं की रेकॉर्डिंग आपोआप चालू राहतं आणि बोट मोकळं होतं. आता कुणी आलं म्हणून नोट अर्धवट जाणार नाही, कारण पाठवण्याचं बटण वेगळं दाबावं लागतं. मध्येच थांबायचं असेल तर थांबवण्याचं बटण आहे, परत माइक दाबला की पुढे सुरू होतं. ही सोय २०२२ पासूनची आहे आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची. दारावर कुणी आलं, खोकला आला, औषधाचं नाव आठवेना, की थांबवा. आपण आठवत असतानाचं "अं… काय बरं ते… थांब हं…" ऐकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. थांबवल्यावर पाठवण्याआधी स्वतः ऐकूनही बघता येतं. सगळी नोट ऐकायची गरज नाही. मी फक्त पहिले दोन आणि शेवटचे तीन सेकंद ऐकते, कापलं जातं ते तिथेच.

सुरुवातीचं कापलं जाणं वेगळ्या कारणाने होतं. बोट टेकतं न टेकतं तोच आपण बोलू लागतो आणि रेकॉर्डिंग क्षणभर मागे असतं. 'साडेसात'मधला 'साडे' तिथे गळला की अर्धा तास इकडचा तिकडे. म्हणून दाबल्यावर एक श्वास घ्या आणि पहिला शब्द हाकेचा ठेवा. "आई," किंवा "अहो काकू,". गेलाच तर हाकेतला 'आ' जाईल. कामाचं काही जाणार नाही.

माइक बहुतेक फोनांना खालच्या कडेला असतो, चार्जिंगच्या भोकाजवळ. बारीक छिद्र असतं. फोन आडवा पकडताना तळहात नेमका त्यावर येतो आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि तोंडासमोरून थोडा बाजूला धरा. अगदी ओठांपाशी नेला की 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुसकारा येतो आणि वयस्कर माणसाला नेमका तो शब्द कळत नाही. चालत्या दुचाकीवर, पंख्याखाली आणि गच्चीवर वाऱ्यात नोट करू नये. आपल्या कानाला वारा जाणवत नाही, माइकला जाणवतो. जिनाही वाईट, आवाज घुमतो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे कपडे, गाद्या, पडदे असलेली खोली. ऑफिसात असाल तर बंद गाडीत बसा.

काय बोलायचं, कोणत्या क्रमाने

पहिल्या वाक्यात विषय सांगा आणि किती वेळाचं आहे तेही. "आई, थेंब कसे घालायचे ते सांगतेय, अर्ध्या मिनिटाचं आहे." ऐकणाऱ्याला तेवढ्याने कळतं, की आत्ता ऐकायचं, नंतर ऐकायचं, की काकूंना बोलावून ऐकायचं. आपल्याला सवय असते ती "काय करतेयस, जेवलीस का, इकडे काय पाऊस आहे म्हणून सांगू" अशा सुरुवातीची. फोनवर ते ठीक, कारण समोरचा उत्तर देतो. नोटेत मात्र आपण प्रश्न विचारतो आणि आपणच पुढे जातो. गप्पांची नोट वेगळी पाठवा. माझी आई ती जपून रात्री ऐकते.

नोट एका विषयाची ठेवा. तीन विषय असतील तर तीन नोट. यात ऐकणाऱ्याला त्रास नाही, कारण लागोपाठच्या नोट एक संपली की पुढची आपोआप वाजते. आणि उद्या तिला थेंबांचीच परत ऐकायची असेल तर तेवढीच वाजवता येते. प्रत्येक नोटेच्या आधी दोन शब्दांचा मेसेज टाकून ठेवला तर ती शोधता येते: "थेंब कसे घालायचे", मग नोट. "काय करायचं नाही", मग नोट. आईला अक्षरं दिसत नव्हती म्हणून मी तिच्यासाठी पाण्याच्या थेंबाचं आणि लाल फुलीचं चित्र टाकत असे. ती ओळखायला एक डोळा पुरतो.

आता त्या 'नाही'कडे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी आणि नकार बहुतेक त्याच्याही मागे. "रात्री झोपताना डोळ्याला लावलेली ती प्लास्टिकची वाटी काकू म्हणाल्या तरी काढायची…" इथपर्यंत ऐकणारा अंधारातच असतो. वाचताना डोळा पुढे धावून शेवट बघून येतो, कानाला ते जमत नाही. म्हणून मनाई सांगताना वाक्य अगदी तोकडं करा, आधी नकार मोकळा करा आणि मागे सांगण्याची दुसरी बाजू जोडा. बंबानंतर पाठवलेली नोट अशी होती:

"आई, न्हाऊ नकोस. शुक्रवार असला तरी नको. पुढचे दोन शुक्रवार नको. अंघोळ गळ्याखालून कर, तोंड ओल्या फडक्याने पूस. एवढंच. ठेवते."

नकार तीनदा आला, वेगवेगळ्या जागी. त्यातला कुठलाही एक वाऱ्यात गेला तरी दोन उरतात. शेवटी काय करायचं ते आलं, आणि त्याच्या मागे "एवढंच, ठेवते". हे शेवटचे दोन शब्द मुद्दाम फुकटचे आहेत, कापले जायचे असतील तर ते जावेत म्हणून. शिवाय "ठेवते" ऐकू आलं की आईला कळतं, नोट पूर्ण पोचली. आता ते ऐकू आलं नाही तर ती स्वतःच फोन करते, "तुझं ठेवते आलं नाही गं" म्हणून.

वारांचं आणि दिवसांचंही एक आहे. नोट कधी ऐकली जाईल ते आपल्या हातात नाही. मी रात्री अकराला "उद्या डॉक्टरांकडे" म्हटलं आणि आईने ते सकाळी सहाला ऐकलं, तर तिचा उद्या माझ्या उद्याच्या पुढचा. 'परवा'चं तर विचारूच नका. आपल्या भाषेत तो मागेही जातो आणि पुढेही. "परवा पट्टी" एवढंच ऐकलं तर काढली की काढायची? वार सांगा आणि तारीख सांगा: "मंगळवारी, चौदा तारखेला." दादाशी बोलताना आणखी एक, मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. "नऊला फोन कर" म्हटलं की आमच्यात दोन वेगळे नऊ होतात. त्याला मी "आपल्याकडचे नऊ, तुझे साडेसात" असं लिहूनच पाठवते.

आकडा बोलावाच लागला तर दोनदा बोला, दुसऱ्यांदा सुटा. "एकोणसत्तर, सहा-नऊ." एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद हे सगळे कानाला एका माळेचे मणी, आणि इंग्रजी शाळेत गेलेल्या माझ्या भाच्याला तर एकोण म्हटलं की घामच फुटतो. सुटा आकडा त्यालाही कळतो, आजीलाही.

थेंबांची नोट, पहिली आणि दुसरी

माझी थेंबांची पहिली नोट तीन मिनिटं दहा सेकंदांची होती. मी ती परत ऐकली तेव्हा तिच्यात काय काय होतं: डॉक्टरांच्या कागदावरच्या दोन बाटल्या, त्यांच्या सहा आणि तीन वेळा, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं थांबायचं, पहिला आठवडा सहा वेळा मग दर आठवड्याला एकेक कमी, थेंब घालायची रीत, डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, आणि मध्येच दादाने पैसे पाठवले का. आईने ती ऐकली आणि मला विचारलं, "म्हणजे आत्ता घालू का?" मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. एवढ्या सगळ्यातून आत्ताचं उत्तर काढणं कुणाला जमेल?

मग मी ते वेगळं केलं. वेळा आणि बाटल्या हे परत परत बघायचं होतं, म्हणून नोटेतून काढलं. काकूंच्या मुलाने कॅलेंडरच्या पाठीमागे जाड मार्करने बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं. पांढरं झाकण: ७, १०, १, ४, ७, १०. खाली पिवळं झाकण: ७, १, ७, पाच मिनिटं थांबून. त्या कागदाचा फोटो मला, दादाला आणि मावशीला गेला. आठवडा बदलला की नवा कागद. (हा आमच्या डॉक्टरांनी दिलेला क्रम. तुमच्या कागदावर वेगळा असेल, तोच पाळा.) औषधांची नावं मी बोललेच नाही. झाकणाचा रंग आईला दिसतो, नाव दिसत नाही.

उरली रीत. तिची नोट अशी झाली:

"आई, थेंब कसे घालायचे ते सांगतेय. आधी नुसतं ऐक, मग उठ. हात साबणाने धू आणि पुसून कोरडे कर. … कॉटवर उताणी झोप, उशी नको. … खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढ, म्हणजे खाच पडते. वर छताकडे बघ. … बाटलीचं टोक डोळ्याला टेकवू नकोस, टेकलं तर बाटली बिघडते. वरून एकच थेंब त्या खाचेत सोड. … डोळा मीट आणि मनात साठ मोज. चोळू नकोस, मिटलेलाच राहू दे. झालं. ठेवते."

टिंबांच्या जागी मी खरोखर तीन सेकंद गप्प बसले. पहिल्या वेळी ती शांतता मला खूप लांब वाटली, पण ऐकणाऱ्याला तेवढ्यात उशी काढायला वेळ मिळतो. "आधी नुसतं ऐक" हे वाक्य नंतर घातलं, कारण पहिल्या दिवशी आई हात धुऊन आली आणि नोट पुन्हा लावायला तिने त्याच धुतलेल्या हातांनी फोन उचलला. फोन किती घाण असतो ते आपल्याला माहीत आहे. पुढे ती दोनदा ऐकून मग हात धुऊ लागली, आणि तीन दिवसांनी नोट लागेनाशी झाली.

पंचेचाळीस सेकंद, त्यातले बारा गप्प. तीन मिनिटांत जे पोचलं नव्हतं ते यात पोचलं.

पोचलं का, ते कसं कळतं

नोट वाजवली गेली की तिच्यावरचा छोटा माइक निळा होतो. वाचल्याच्या निळ्या खुणा बंद करून ठेवल्या तरी हा माइक निळा व्हायचा थांबत नाही. पण निळा म्हणजे वाजली, इतकंच. पाच सेकंद वाजवून फोन खाली ठेवला तरी निळाच. म्हणून महत्त्वाचं काही असेल तर शेवटी उलट विचारा, आणि "कळलं का?" असं नको. त्याला सगळे "हो" म्हणतात. "आता एकला कोणत्या झाकणाचा आधी घालशील ते मला सांग" असं विचारा. आईने "पांढरा, मग पिवळा, मध्ये पाच मिनिटं" असं सांगितलं की मी निर्धास्त.

ऐकणाऱ्यांनाही थोडं सांगायचं आहे. नोट चालू असताना बाजूला 1× दिसतं, त्याला टिचकी मारली की दीडपट, पुन्हा मारली की दुप्पट वेग होतो. आमची मावशी सात-सात मिनिटं बोलते, दीडपटीवर तिचं काही बिघडत नाही. आईच्या फोनवर मात्र चुकून टिचकी लागून दुप्पट झालं होतं आणि ती म्हणाली, "तू अशी उंदरासारखी का बोलतेस?" वयस्कर माणसाला नोट कळेनाशी झाली तर आधी तो आकडा बघा. चारचौघांत असाल तर फोन कानाला लावा, आवाज स्पीकरमधून न येता फोनवर बोलताना येतो तसा कानातच येतो. आणि लांब नोटेला उत्तर देताना नोट उजवीकडे सरकवून तिच्याच खाली लिहा, म्हणजे कोणत्या गोष्टीला 'हो' ते दोघांनाही दिसतं.

मात्र समोरचा फोन कानाला लावेलच असं धरून चालू नका. गावी नोट ओट्यावर बसून पूर्ण आवाजात वाजते आणि ऐकायला काकू, त्यांची सून, दूध न्यायला आलेला पोरगा असे सगळे असतात. पैशाचं, कुणाच्या आजाराचं, कुणाच्या सुनेचं त्यात नको. मी एकदा काकूंबद्दलच "त्यांना फार सांगत बसू नकोस" असं बोलून गेले होते. ती नोट काकूंच्याच हातातल्या फोनवर वाजली, आईचा चष्मा नव्हता ना. त्यांनी काही मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशीही दहाला थेंब त्यांनीच घातला आणि मला नोट केली, सहा सेकंदांची: "अगं, दहाचा पांढरा झाला. ठेवते."